फ्लॅट सोडताना राउटरचा ताबा

रिकाम्या केलेल्या फ्लॅटच्या भिंतीवर उरलेला राउटर ही एकच वस्तू दिसते, पण तिच्यावर निदान चार जणांचा हक्क असू शकतो. डबा एकाच्या मालकीचा असतो, वायफायचा पासवर्ड इमारतीतल्या बऱ्याच जणांना ठाऊक असतो, आतली सेटिंग बदलण्याचे लॉगिन बहुतेकदा कनेक्शन जोडून गेलेल्या मुलालाच माहीत असते आणि इंटरनेट कंपनीकडचे खाते कुणा तिसऱ्याच्याच मोबाइल नंबरावर चालते. घराची किल्ली देताना यातले काय द्यायचे, काय काढून घ्यायचे आणि काय पुसून टाकायचे, हे ठरवावे लागते. त्याचा क्रम चुकला तर एकतर नव्या माणसाचे इंटरनेट बंद पडते, नाहीतर जुन्या माणसाचा त्या घरात नकळत वावर राहतो.

सध्या शहरांतल्या बहुतेक इमारतींत इंटरनेट फायबरवरून येते. जिन्यातल्या डक्टमधून आलेली केसासारखी काचेची तार घरात एका छोट्या डब्याला जोडलेली असते. या डब्याला ओएनटी म्हणतात आणि प्रकाशाचे संकेत विजेच्या संकेतांत बदलणे हे त्याचे काम. वायफाय देणारा राउटर कधी याच डब्यात असतो, कधी शेजारी वेगळा ठेवलेला असतो. बोलण्यात दोघांनाही सर्रास राउटर म्हणतात आणि व्यवहारातला पहिला गोंधळ तिथेच होतो. ओएनटी बहुधा इंटरनेट कंपनीचा असतो. तो अनामत घेऊन किंवा वापरापुरता दिलेला असतो आणि कनेक्शन बंद केल्यावर परत करायचा असतो. वेगळा राउटर अनेकदा ग्राहकाने स्वतः विकत घेतलेला असतो. पंखे आणि गीझरच्या यादीत ‘राउटर’ असा एकच शब्द लिहून विक्रेत्याने कंपनीचा डबाही खरेदीदाराला देऊन टाकला, तर अनामत अडकते आणि डब्याची भरपाई मागणारे पत्र येते ते विक्रेत्याच्या नावाने.

या सगळ्यात वजनदार गोष्ट खाते हीच. कनेक्शन देताना कंपनी ग्राहकाची ओळखपत्रे घेते आणि त्या कनेक्शनवरून जे होईल ते त्या नावापुढे नोंदले जाते. कोणत्या वेळी कोणता आयपी पत्ता कोणत्या ग्राहकाकडे होता, याच्या नोंदी ठेवणे कंपन्यांना परवान्याच्या अटींनुसार बंधनकारक आहे. त्यामुळे एखाद्या फसवणुकीचा किंवा धमकीच्या ईमेलचा माग काढत पोलीस निघाले की त्यांच्या हाती आधी येते ते कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचे नाव. प्रत्यक्ष कीबोर्डवर कोण होते, हा प्रश्न नंतरचा.

याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादमध्ये बॉम्बस्फोटांची मालिका झाली, त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना एक ईमेल गेला होता. आयपी पत्त्यावरून माग काढत तपास नवी मुंबईतल्या सानपाडा येथील एका फ्लॅटपर्यंत पोहोचला. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाची कसून चौकशी झाली, त्याचे संगणक तपासले गेले. त्याचे वायफाय दुसऱ्याच कुणीतरी वापरले होते, असे पुढे तपासातून समोर आले. पण निर्दोष असणे आणि ते सिद्ध होणे यांच्यामध्ये त्या माणसाला पोलिसांच्या फेऱ्या चुकल्या नाहीत. तिथे वायफाय वापरणारा निदान घराबाहेरचा होता. फ्लॅट विकून गेलेल्या माणसाचे कनेक्शन त्याच्याच नावावर चालू राहिले, तर वापरणारा रोज त्याच जागी राहतो आणि नाव मात्र गाव सोडून गेलेल्याचे असते.

तरीही हे घडते, कारण तेच सगळ्यांना सोयीचे वाटते. गल्लीतला केबलवाला म्हणतो, ‘‘नाव राहू द्या ना साहेब, पैसे भरले की चालतंय.’’ खरेदीदाराला पहिल्या दिवशीच इंटरनेट हवे असते, विक्रेत्याला भरलेल्या महिन्यांचे पैसे वाया घालवायचे नसतात. नव्या माणसाने पुढचा रिचार्ज केला की हे उसने नाव वर्षानुवर्षे तसेच राहते. त्यात आणखी एक अडचण असते, ती सहसा उशिरा कळते. ओटीपी जुन्या नंबरावर जातो, त्यामुळे साधी तक्रार नोंदवायलाही नव्या रहिवाशाला जुन्या मालकाला फोन करावा लागतो.

यातून बाहेर पडायचे तीन सरळ मार्ग आहेत. विक्रेता कनेक्शन स्वतःबरोबर नेऊ शकतो. नव्या पत्त्यावर त्याच कंपनीची फायबर असेल तर स्थलांतराचा अर्ज करता येतो, खाते आणि उरलेली मुदत त्याच्याकडेच राहते आणि जुन्या घरात फक्त तार उरते. दुसरा मार्ग नाव बदलून घेण्याचा. काही कंपन्या जुन्या ग्राहकाची संमती आणि नव्याची ओळखपत्रे घेऊन हे करून देतात. जिथे अशी सोय नाही तिथे जुने खाते बंद करून नवे घेणे हा तिसरा मार्ग. तार आणि पेटी जागेवरच असल्याने त्यात बहुधा फार वेळ जात नाही. भरलेल्या पण न वापरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतील की नाही, हे योजनेच्या अटींवर असते. म्हणून तो प्रश्न कनेक्शन बंद करण्याच्या अर्जाआधी विचारावा.

एक उदाहरण घेऊन हे सगळे पाहता येईल. समजा, पुण्यात पिंपळे सौदागरमधला एक दोन बीएचके फ्लॅट विकला गेला आहे आणि ताबा महिनाअखेरीस द्यायचा आहे. इंटरनेट एका स्थानिक कंपनीचे, महिना ६०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०८ रुपये. सहा महिन्यांचे ४,२४८ रुपये एकरकमी भरलेले आहेत आणि ताब्याच्या दिवशी त्यातले चार महिने, म्हणजे २,८३२ रुपयांची मुदत शिल्लक असेल. ओएनटी कंपनीचा आहे, राउटर मालकाने दुकानातून आणलेला आहे. हॉलमध्ये एक आणि दारावर एक असे वायफायवर चालणारे दोन कॅमेरे आहेत. दारावरचा कॅमेरा खरेदीदाराला द्यायचे ठरले आहे.

हे २,८३२ रुपये खरेदीदाराने रोख देऊन कनेक्शन आहे तसे चालू ठेवावे, अशी बोलणी इथे हमखास होतात. रक्कम मान्य करायला हरकत नाही, पण ती नाव बदलण्याच्या अर्जाला बांधलेली असावी. म्हणून ताब्याच्या निदान दोन आठवडे आधी कंपनीला फोन करून नाव बदलता येते का, उरलेली मुदत नव्या नावावर जाते का आणि नव्या ग्राहकाला नवीन यूजरनेम मिळते का, हे विचारून घ्यायचे. या उदाहरणात कंपनी नाव बदलून द्यायला तयार आहे आणि मुदतही पुढे चालू ठेवते, असे धरू. दोघांनी अर्जावर सह्या केल्या, खरेदीदाराचा मोबाइल नंबर खात्यावर चढला आणि तसा संदेश त्याच्या फोनवर आला. हा संदेश येईपर्यंत खाते हस्तांतरित झालेले नाही, असेच समजावे. बँकेतून आपोआप पैसे वळते करण्याची मंजुरी दिलेली असेल, तर ती विक्रेत्याने आपल्या बाजूने वेगळी रद्द करायची असते. ती बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपमध्ये असते आणि कंपनीकडे नाव बदलले म्हणून ती आपोआप निघून जाईलच असे नाही.

नोंदलेला नंबर बदलण्यावर एवढा भर देण्याचे आणखी एक कारण आहे. काही कंपन्या आपल्या ॲपमधूनच वायफायचे नाव आणि पासवर्ड बदलण्याची सोय देतात. ही आज्ञा कंपनीच्या यंत्रणेतून थेट घरातल्या डब्यापर्यंत जाते. अशा ठिकाणी नव्या रहिवाशाने राउटर कितीही वेळा कोरा केला, तरी खाते ज्याच्या नंबरावर आहे त्याला शंभर किलोमीटरवरून नवा पासवर्ड टाकता येतो. रीसेटचे बटण डब्यातले पुसते, कंपनीकडच्या खात्याला ते हातही लावू शकत नाही.

आता राउटरकडे वळू. अलीकडचे बरेच राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या ॲपवरून चालवता येतात आणि त्यासाठी मालकाने ईमेल देऊन एक खाते उघडलेले असते. राउटर त्या खात्याला बांधला जातो. मग घराबाहेरूनही कोणकोणती उपकरणे जोडलेली आहेत ते दिसते, एखाद्याचे इंटरनेट तोडता येते, मुलांसाठी वेळ लावून देता येते. कॅमेऱ्यांचेही असेच असते. रीसेट केल्यावर काही उपकरणे या खात्यातून सुटतात, काही सुटत नाहीत आणि नव्या माणसाने जोडू गेल्यास ‘हे उपकरण दुसऱ्या खात्यात आहे’ असे सांगून अडून बसतात. तेव्हा जुना मालक शोधण्याखेरीज दुसरा सोपा उपाय बहुधा नसतो. म्हणून विक्रेत्याने आधी ॲपमध्ये जाऊन राउटर आणि दारावरचा कॅमेरा खात्यातून काढून टाकायचा आणि रीसेट त्यानंतर करायचे. नुसते ॲप फोनवरून उडवले तर खात्यातली गाठ तशीच राहते.

हॉलमधला कॅमेरा विक्रेता नेणार आहे, हेही त्याच दिवशी पाहून घ्यावे. विसरलेल्या कॅमेऱ्याची गोष्ट वाटते तेवढी दूरची नाही. नव्या रहिवाशाने सोय म्हणून वायफायचे जुने नाव आणि जुना पासवर्ड तसाच ठेवला, तर कपाटाच्या वर राहिलेला कॅमेरा काहीही न विचारता पुन्हा जोडला जातो आणि हॉलचे चित्र जुन्या मालकाच्या फोनवर जात राहते. त्याला ते बघायचे नसले तरी. जुना पासवर्ड ठेवण्याचा दुसरा तोटा असा की शेजारची मुले, शिकवणीला येणारे विद्यार्थी, इस्त्रीवाला अशा ज्या कुणाच्या फोनमध्ये तो कधीकाळी घातला गेला, ते सगळे फोन लिफ्टमधून वर येताच आपोआप जोडले जातात.

रीसेट करण्याआधी एक काम राहते आणि ते न केल्यामुळेच ताब्याच्या संध्याकाळी फोनाफोनी होते. फोन किंवा लॅपटॉप वायफायला जोडून ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की सेटिंगचे पान उघडते. तो पत्ता बहुधा `192.168.1.1` किंवा `192.168.0.1` असतो आणि डब्याच्या तळाशी चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेला सापडतो. आत `WAN` किंवा `Internet` नावाच्या भागात कनेक्शनचा प्रकार दिसतो. तिथे `PPPoE` असेल, तर कंपनीने दिलेले यूजरनेम आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेला आहे, असा त्याचा अर्थ. वायफायच्या पासवर्डशी त्याचा काही संबंध नाही, तो राउटरने कंपनीला द्यायचा परवलीचा शब्द आहे. काही ठिकाणी `VLAN ID` म्हणून एक आकडाही असतो. या पानाचा फोटो काढून ठेवावा. पासवर्ड तिथे ठिपक्यांनी झाकलेला असतो, तेव्हा तो कंपनीकडूनच मागून घ्यावा लागतो आणि रीसेटच्या आधीच मागणे शहाणपणाचे. काही कनेक्शनमध्ये असे लॉगिनच नसते, कंपनी ओएनटीच्या अनुक्रमांकावरून ग्राहक ओळखते. तिथे हे काम वाचते.

कंपनीच्या ओएनटीवर मात्र विचारल्याशिवाय रीसेट करू नये. त्यात कंपनीने भरलेली सेटिंग असते. काही डबे ती पुन्हा स्वतःहून ओढून घेतात, काही घेत नाहीत आणि मग माणूस येईपर्यंत घर इंटरनेटविना राहते. फोनवर तंत्रज्ञाला एवढेच विचारावे की ‘रीसेट केला तर कॉन्फिगरेशन परत येईल का?’ तो नाही म्हणाला, तर ओएनटीला हात न लावता त्याच्या भेटीच्या वेळी ते करून घ्यावे.

आपला स्वतःचा राउटर असेल तर गोष्ट सोपी आहे. वीज चालू ठेवून मागच्या बारीक छिद्रात पिन घालायची आणि साधारण दहा सेकंद, दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरायची. दोनेक मिनिटांत राउटर दुकानातून आणल्यासारखा कोरा होतो. जुने वायफाय, आतला पासवर्ड, बाहेरून आत येण्यासाठी कधी उघडलेली दारे, बदललेली डीएनएस सेटिंग हे सगळे जाते. इथे काम संपले असे अनेकांना वाटते, पण रीसेटनंतर राउटर परत जातो तो स्टिकरवरच्या पासवर्डवर. तो स्टिकर विक्रेत्याने पाहिलेला आहे, कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने त्याचा फोटो काढलेला असू शकतो. म्हणून कोरा राउटर खरेदीदाराच्या हातात देऊन त्यानेच, त्याच्याच फोनवरून, नवे वायफाय नाव, नवा पासवर्ड आणि सेटिंगच्या पानाचा नवा पासवर्ड टाकायचा. विक्रेत्याने मदत जरूर करावी, फक्त टायपिंग करू नये. जमल्यास तिथेच फर्मवेअर अद्ययावत करून घ्यावे, कारण अनेक घरांत राउटर बसवला त्या दिवसानंतर ते कुणी पाहिलेलेच नसते.

नवे यूजरनेम भरूनही इंटरनेट आले नाही, तर दोष कुठे आहे हे ओएनटीच्या दिव्यांवरून बरेचसे कळते. `LOS` लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशच पोहोचत नाही. तार मुडपली आहे, टोकाचा हिरवा कनेक्टर सैल झाला आहे किंवा सामान हलवताना, रंगकाम करताना कुणी ती तोडली आहे. हा दोष पासवर्डने सुटत नाही, तंत्रज्ञच लागतो. `LOS` बंद आणि `PON` स्थिर हिरवा असेल, तर तार ठीक आहे आणि अडचण लॉगिनमध्ये शोधावी. यूजरनेममधले एखादे अक्षर, राहून गेलेला `VLAN ID` किंवा कंपनीने खाते जुन्या राउटरच्या `MAC` पत्त्याशी बांधून ठेवणे, अशी कारणे असतात. शेवटचे कारण स्थानिक कंपन्यांत बरेच दिसते. विक्रेता आपला राउटर घेऊन गेला, खरेदीदाराने नवा लावला, सगळे अचूक भरले, तरी आत प्रवेश नाही. तेव्हा ग्राहकसेवेला ‘नवा राउटर लावला आहे, मॅक क्लिअर करा’ एवढे एक वाक्य पुरते.

सगळे चालू झाल्यावर दोन्ही फोन समोर ठेवून पाच मिनिटांची तपासणी करावी. विक्रेत्याच्या फोनचे वायफाय चालू केल्यावर तो आपोआप जोडला जाता कामा नये. मग त्याने मोबाइल डेटावर राउटरचे, कॅमेऱ्याचे आणि इंटरनेट कंपनीचे ॲप उघडून दाखवावे. तिन्हींत या घराचे काही दिसत नसेल तर गाठी सुटल्या. खरेदीदाराने सेटिंगच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडावी. त्यात फक्त त्याचा फोन आणि नुकताच जोडलेला दारावरचा कॅमेरा दिसायला हवा. तिसरे काही असेल तर ते काय आहे हे कळेपर्यंत पासवर्ड पुन्हा बदलावा.

भाड्याच्या घरात चित्र थोडे बदलते. भाडेकरूने स्वतःच्या नावावर कनेक्शन घेतले असेल, तर जाताना त्यानेच ते बंद करायचे किंवा बरोबर न्यायचे आणि मालकाने त्याच्या नावावर पुढचा भाडेकरू बसवायचा नाही. घरमालकाच्या नावावर इंटरनेट असेल आणि ते भाड्यात धरलेले असेल, तर खाते बदलण्याचा प्रश्न येत नाही, पण जबाबदारीही मालकाकडेच राहते. भाडेकरू काय करतो याची झळ त्याच्या नावाला लागू शकते. म्हणून पुण्या-मुंबईत अकरा महिन्यांच्या करारावर घर देणाऱ्या अनेक मालकांना भाडेकरूने आपले कनेक्शन आपण घ्यावे हेच परवडते. मालकाचेच ठेवायचे असेल, तर प्रत्येक भाडेकरू बदलताना राउटर रीसेट करून नवा पासवर्ड द्यावा आणि सेटिंगच्या पानाचे लॉगिन कोणाकडे राहणार हे आधी बोलून घ्यावे. मालकाला त्या पानावरून भाडेकरूची उपकरणे दिसतात आणि काही राउटरमध्ये तो कोणत्या संकेतस्थळांवर गेला हेही. राहत्या माणसाच्या घरात असे डोकावणे योग्य नाही, म्हणून लॉगिन भाडेकरूकडे ठेवून तो निघताना रीसेट करण्याची अट करारात घालणे जास्त बरे.

शेवटी उरतो तो कागद. ताबापत्रासोबतच्या यादीत ओएनटी आणि राउटर दोन वेगळ्या ओळींत, प्रत्येकाचा अनुक्रमांक आणि तो कोणाच्या मालकीचा हे लिहावे. अडॅप्टरही लिहावा, कारण तो सहज हरवतो आणि राउटरला लागणारा १२ व्होल्टचा अडॅप्टर किती अँपिअरचा हवा हे नव्या माणसाला माहीत नसते. वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस असेल तर तोही. पासवर्ड मात्र या कागदावर लिहू नयेत. त्याच्या प्रती सोसायटीत, दलालाकडे आणि बँकेत जातात. कनेक्शन बंद केले असेल तर ओएनटी परत केल्याची पावती, तारीख आणि अनुक्रमांकासह, विक्रेत्याने अनामत खात्यात जमा होईपर्यंत जपून ठेवावी. खाते बंद झाल्याचा किंवा नाव बदलल्याचा कंपनीचा संदेश त्याहून अधिक काळ ठेवावा. ज्या तारखेनंतर त्या कनेक्शनशी आपला संबंध उरला नाही, ती तारीख दाखवायला पुढे तोच उपयोगी पडतो.